सोनं किती, त्याआधी मुक्काम किती?

परदेशातून मुंबईच्या विमानतळावर उतरलं की पासपोर्टवर शिक्का बसतो, पट्ट्यावरून बॅगा उतरवून घेतल्या जातात आणि मग बाहेर पडायच्या वाटेवर दोन मार्गिका लागतात. एक हिरवी, एक लाल. ज्याच्याकडे कर लागेल असं काही नाही त्याने हिरवीतून जावं आणि ज्याच्याकडे आहे त्याने लाल मार्गिकेत थांबून सांगावं, असा साधा नियम आहे. बहुतेक प्रवासी गर्दीबरोबर हिरव्या मार्गिकेतून ढकलगाडी पुढे नेतात. आपण काही बोललो नाही, म्हणजे काही सांगितलंही नाही, असं त्यांना वाटतं. कायदा मात्र वेगळं मानतो. हिरव्या मार्गिकेत पाऊल टाकणं हेच ‘माझ्याकडे घोषित करण्यासारखं काही नाही’ असं निवेदन धरलं जातं. पुढे क्ष-किरण यंत्राजवळ थांबवल्यावर ‘मी आता सांगणारच होतो’ या वाक्याला फारशी किंमत उरत नाही.

सीमाशुल्क कायद्याच्या ७७व्या कलमाप्रमाणे सामानात काय आहे ते सांगण्याची जबाबदारी प्रवाशाची असते, अधिकाऱ्याने विचारण्याची वाट पाहायची नसते. २०१६ पासून प्रत्येक प्रवाशाला छापील अर्ज भरावा लागत नाही. कर लागणाऱ्या किंवा बंदी असलेल्या वस्तू ज्याच्याजवळ आहेत त्यानेच तो भरायचा. सरकारच्या ‘अतिथी’ या ॲपवरून ही माहिती विमानात बसण्याआधीही देता येते. अर्जाची सक्ती गेली तेव्हा नियमही गेला, असा अनेकांचा समज झाला. प्रत्यक्षात अर्ज भरायचा की नाही हा निर्णय प्रवाशाकडे आला आणि त्याबरोबर चुकण्याची जोखीमही.

या चुका बहुतेक वेळा तीन गोष्टींत होतात. दागिने, रोख रक्कम आणि ड्यूटी फ्री दुकानातली खरेदी. त्यातही सर्वांत महाग पडते ती सोन्यातली चूक. म्हणून आधी सोन्याचा हिशोब नीट पाहू.

दोन वेगळी घड्याळं

‘बाईला चाळीस ग्रॅम, पुरुषाला वीस ग्रॅम’ हे आकडे दुबईला जाणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतात. आकडे बरोबर आहेत, पण त्यांच्या मागची अट ऐकणाऱ्याच्या कानावरून निघून जाते. ही सवलत परदेशात एक वर्षाहून अधिक काळ राहून परतणाऱ्यांसाठी आहे. मस्कतला नोकरी करणारी परिचारिका, शारजात दुकान चालवणारा रत्नागिरीचा माणूस, न्यू जर्सीत स्थायिक झालेली मुलगी यांना ती मिळते. आठ दिवसांच्या सहलीवरून परतणाऱ्या ठाण्याच्या पर्यटकाला ती मिळत नाही. त्याच्यासाठी दागिन्यांच्या वजनाची ही मर्यादा चाळीस नाही, वीसही नाही. ती लागूच होत नाही.

या सवलतीत २०२६ साली एक मोठा बदल झाला. २०१६च्या बॅगेज नियमांत वजनाबरोबर किमतीचीही मर्यादा होती. पुरुषाच्या वीस ग्रॅमला ५० हजार रुपये आणि स्त्रीच्या चाळीस ग्रॅमला एक लाख रुपये. हे नियम आले तेव्हा सोन्याचा भाव दहा ग्रॅमला तीस हजारांच्या आतबाहेर होता, त्यामुळे चाळीस ग्रॅमचे दागिनेही त्या लाखात जेमतेम बसत किंवा थोडे बाहेर जात. पुढे भाव चढत गेला आणि लाखाच्या मर्यादेत बसणारं वजन आक्रसत आक्रसत एका तोळ्यापर्यंत आलं. कागदावर चाळीस ग्रॅमची सवलत होती, प्रत्यक्षात बोटातल्या दोन अंगठ्यांची. २ फेब्रुवारी २०२६ पासून लागू झालेल्या नव्या नियमांनी किमतीची मर्यादा काढून टाकली आणि फक्त वजन ठेवलं. वर्षभराच्या वास्तव्याची अट मात्र तशीच आहे.

आता दुसरं घड्याळ. हे एका वर्षाचं नाही, सहा महिन्यांचं. भारतीय पासपोर्ट असलेली किंवा भारतीय वंशाची व्यक्ती परदेशात किमान सहा महिने राहून परत येत असेल, तर तिला एक किलोपर्यंत सोनं सवलतीच्या दराने कर भरून आणता येतं. या सहा महिन्यांत मधूनमधून भारतात येऊन गेल्याचे दिवस एकूण तीसपेक्षा जास्त असता कामा नयेत आणि त्या भेटींत ही सवलत आधी वापरलेली नसावी. या तरतुदीचं मूळ १९९२ सालात आहे. सोन्याची चोरटी आयात रोखण्यासाठी सरकारने तेव्हा अनिवासी भारतीयांना कर भरून पाच किलोपर्यंत सोनं उघडपणे आणण्याची मुभा दिली होती. पुढे वजनाची मर्यादा बदलत गेली, सहा महिन्यांची अट टिकली.

सवलतीचा दर म्हणजे काय, हे वृत्तपत्रांच्या मथळ्यांमुळे गोंधळाचं झालं आहे. सोन्यावरचं आयातशुल्क २०१३ मध्ये १० टक्क्यांवर गेलं, पुढे जुलै २०२२ मध्ये ते १५ टक्के झालं आणि जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात एकदम ६ टक्क्यांवर आणलं गेलं. ‘सोन्यावरचा कर आता सहा टक्के’ ही बातमी सगळ्यांनी वाचली. पण हा दर पेढ्यांसाठी, आयातदारांसाठी आणि सहा महिन्यांची अट पूर्ण करणाऱ्या प्रवाशांसाठी आहे. सुट्टीवरून येणाऱ्या पर्यटकाचं सोनं ‘बॅगेज’ म्हणजे प्रवासी सामान म्हणून मोजलं जातं आणि सामानाचा दर आहे ३५ टक्के, अधिक त्या रकमेवर दहा टक्के अधिभार, म्हणजे एकूण ३८.५ टक्के. सहा टक्क्यांची बातमी वाचून दुबईच्या सोनेबाजारात शिरणारा पर्यटक प्रत्यक्षात साडेअडतीस टक्क्यांच्या दरात उभा असतो.

एकाच घरातल्या तिघी

हा फरक किती मोठा आहे ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, पुण्यातलं एक लग्नघर आहे आणि लग्नासाठी त्या घरातल्या तिघी परदेशातून येताहेत. प्रत्येकीजवळ नव्या पाटल्या आणि बांगड्या आहेत, वजन सारखंच, नव्वद ग्रॅम. हिशोब सोपा व्हावा म्हणून सोन्याचा दर दहा ग्रॅमला एक लाख रुपये धरू. खऱ्या आयुष्यात हा दर दुकानाच्या पावतीवरून ठरत नाही. केंद्रीय अप्रत्यक्ष कर आणि सीमाशुल्क मंडळ ठरावीक काळाने सोन्याचं शुल्कमूल्य डॉलरमध्ये जाहीर करतं आणि कर त्यावर आकारला जातो. दुकानदाराशी घासाघीस करून मिळवलेली सूट किंवा त्याने ‘ॲडजस्ट’ करून दिलेली कमी रकमेची पावती इथे उपयोगी पडत नाही.

पहिली आहे आत्या. ती तीन वर्षं शारजात राहते. तिला चाळीस ग्रॅम पूर्ण माफ. उरलेल्या पन्नास ग्रॅमची किंमत पाच लाख. सहा महिन्यांची अट तिने केव्हाच ओलांडलेली आहे, म्हणून त्यावर सहा टक्के, म्हणजे तीस हजार रुपये.

दुसरी आहे धाकटी बहीण. कंपनीने तिला आठ महिन्यांपूर्वी जर्मनीला पाठवलं. वर्ष पूर्ण झालेलं नाही, म्हणून चाळीस ग्रॅमची माफी नाही. पण सहा महिने झाले आहेत, म्हणून सवलतीचा दर आहे. नव्वद ग्रॅमचे नऊ लाख, त्यावर सहा टक्के, चोपन्न हजार रुपये.

तिसरी आहे वहिनी. ती नवऱ्याबरोबर आठवड्याच्या सहलीवर दुबईला गेली होती आणि तिथे दर कमी म्हणून लग्नाचे दागिने करून घेतले. तिच्यासाठी दोन्ही घड्याळं बंद आहेत. नऊ लाखांवर ३८.५ टक्के म्हणजे तीन लाख शेहेचाळीस हजार पाचशे रुपये. दुबईत घडणावळ आणि भावातल्या फरकातून तिने जे काही वाचवलं असेल, त्याच्या कितीतरी पट ही रक्कम आहे. सोनं तेच, वजन तेच, विमानही कदाचित तेच. फरक फक्त पासपोर्टवरच्या तारखांचा.

या हिशोबात आणखी तीन बारकावे आहेत आणि तिन्ही ठिकाणी लोक अडकतात.

पहिला बारकावा, सहा टक्क्यांचा सवलतीचा दर खडे किंवा मोती जडवलेल्या दागिन्यांना लागू नाही. आत्याच्या पन्नास ग्रॅममध्ये पाटल्यांऐवजी मोत्याची नथ, तन्मणी किंवा हिऱ्यांच्या कुड्या असतील, तर त्या माफीच्या वजनात बसवता येतील. पण माफीबाहेर गेल्या तर त्यांना सामान्य सामानाचाच दर लागतो. म्हणून ज्याच्याकडे दोन्ही प्रकारचे दागिने आहेत त्याने अधिकाऱ्यासमोर कोणते माफीत आणि कोणते करपात्र हे आधीच वेगळं काढून ठेवलेलं बरं.

दुसरा बारकावा, ही माफी दागिन्यांची आहे, सोन्याची नव्हे. नाणं, बिस्किट, बार यांना ती मिळत नाही. वर्षानुवर्षं परदेशात राहिलेल्यालाही पहिल्या ग्रॅमपासून कर लागतो. चोवीस कॅरटचं ओबडधोबड कडं किंवा दोरखंडासारखी जाड साखळी ‘दागिना’ म्हणून दाखवली की अधिकाऱ्याला ते घडवलेलं बिस्किट आहे असा संशय येतो, कारण रोजच्या वापरातले दागिने इतक्या मऊ सोन्याचे सहसा कोणी करत नाही.

तिसरा, वजनाचा. आपल्या सराफाकडे तोळा म्हणजे दहा ग्रॅम. आखाती बाजारात मात्र जुना तोळा अजून चालतो, तो ११.६६ ग्रॅमचा. ‘चार तोळे’ म्हणून तिथे घेतलेलं सोनं साडेशेहेचाळीस ग्रॅमच्या वर भरतं. खरेदी करताना पावतीवर ग्रॅममध्ये वजन लिहून घ्यावं.

सवलतीचा कर भरताना आणखी एक अट असते, तो परिवर्तनीय परकीय चलनात भरावा लागतो. सगळे दिरहॅम खर्च करून, खिशात फक्त रुपये घेऊन उतरणाऱ्याची इथे ऐन वेळी धावपळ होते. सोनं आणायचं ठरलं असेल तर कराएवढं परकीय चलन बाजूला काढून ठेवायला हवं.

इथलेच दागिने, परत येताना

मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघालेल्या आईच्या अंगावर मंगळसूत्र, पाटल्या, गोठ असतात. ते तिने चाळीस वर्षांपूर्वी कोल्हापुरात किंवा सांगलीत घडवलेले असतात. सहा महिन्यांनी ती परतते तेव्हा हे दागिने तिने इथून नेले होते की तिथे विकत घेतले, हे अधिकाऱ्याला नुसतं बघून कळण्याचा मार्ग नाही. अंगावरचे, वापरातले दागिने हे प्रवाशाचे वैयक्तिक सामान आहे, ते सरसकट जप्त करता येणार नाहीत, अशी भूमिका दिल्ली उच्च न्यायालयाने अलीकडच्या काही वर्षांत अनेक प्रकरणांत घेतली आहे. पण हा दिलासा मिळेपर्यंत दागिने कस्टम्सच्या गोदामात आणि कुटुंब कोर्टात, अशी वेळ येते. ती टाळण्याचा उपाय जाताना करायचा असतो, येताना नाही.

त्याचं नाव निर्यात प्रमाणपत्र. परदेशी निघताना विमानतळावरच्या सीमाशुल्क अधिकाऱ्याला दागिने दाखवून, त्यांचं वर्णन आणि वजन नोंदवलेलं हे प्रमाणपत्र घेता येतं. परत येताना ते दाखवलं की तेच दागिने करमुक्त येतात. यासाठी दागिने हातातल्या सामानात किंवा अंगावर असायला हवेत, चेक-इन केलेल्या बॅगेत गेले की अधिकारी पाहणार काय? सरकारमान्य मूल्यांककाकडून आधी वजन, कस आणि छायाचित्रांसह अहवाल करून घेतला तर काम लवकर होतं. विमानतळावर त्यासाठी हाताशी पुरेसा वेळ हवा. मूळ पावत्या असतील तर त्यांची प्रत, नसतील तर लग्नातला, सणासुदीचा त्याच दागिन्यातला फोटोही साक्ष म्हणून उपयोगी पडतो. भारी दागिन्यांच्या बाबतीत हे करणं शहाणपणाचं. गळ्यातल्या एकसरी मंगळसूत्रासाठी सहसा कोणी अडवत नाही.

रोख रक्कम: मर्यादा आणण्याची नाही, सांगण्याची

सोन्याच्या उलट, परकीय चलनाच्या बाबतीत लोक विनाकारण घाबरतात. भारतात परकीय चलन किती आणावं याला वरची मर्यादा नाही आणि आणलेल्या नोटांवर कस्टम्स कर लावत नाही. मर्यादा आहे ती न सांगता आणण्याची. जवळच्या परकीय नोटा ५,००० डॉलरच्या मूल्यापेक्षा जास्त असतील, किंवा नोटा आणि ट्रॅव्हलर्स चेक मिळून १०,००० डॉलरच्या पुढे जात असतील, तर चलन घोषणापत्र भरावं लागतं. हा हिशोब फक्त डॉलरचा नाही. कोणतंही चलन डॉलरमध्ये रूपांतरित करून मोजतात. दिरहॅमचा दर डॉलरला सुमारे ३.६७ असा बांधलेला असल्याने साधारण १८,३६० दिरहॅमच्या पुढे नोटा गेल्या की घोषणा आवश्यक ठरते. फॉरेक्स कार्डावरची शिल्लक या नोटांत मोजली जात नाही.

घोषणापत्राला पैसे पडत नाहीत आणि त्याची शिक्का मारलेली प्रत पुढे फार उपयोगी पडते. अनिवासी माणसाने मर्यादेबाहेरच्या नोटा आणून आपल्या बँक खात्यात भरायच्या म्हटल्या की बँक हीच प्रत मागते. आणलेलं चलन उरलं आणि परत न्यायचं असेल, तर तेव्हाही तीच विचारली जाते. न सांगितलेल्या नोटा सापडल्या तर त्या जप्त होऊ शकतात आणि दंडही होतो. मुलाने ‘असू द्या जवळ’ म्हणून आईवडिलांच्या हातात ठेवलेले सात हजार डॉलर एकट्या बाबांच्या पाकिटात असतील तर घोषणा करावी लागेल, कारण मर्यादा माणशी मोजतात.

निवासी भारतीयांच्या नजरेतून सुटणारी आणखी एक मर्यादा उतरल्यानंतरची आहे. सहलीतून उरलेलं परकीय चलन परतल्यापासून १८० दिवसांत बँकेला किंवा अधिकृत चलन विक्रेत्याला परत द्यायचं असतं. त्यातले २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा किंवा ट्रॅव्हलर्स चेक पुढच्या प्रवासासाठी स्वतःजवळ ठेवता येतात. ‘डॉलर वाढेल, तेव्हा विकू’ म्हणून कपाटात ठेवलेली मोठी गड्डी या नियमात बसत नाही.

आपल्या रुपयांना मात्र खरोखरच वरची मर्यादा आहे. परदेशात गेलेल्या निवासी भारतीयाला परत येताना २५,००० रुपयांपर्यंतच्याच भारतीय नोटा आणता येतात आणि नेतानाही तेवढ्याच. टॅक्सी आणि किरकोळ खर्चासाठी म्हणून घरातून लाखभर रुपये घेऊन निघणारे हे विसरतात. नेपाळ आणि भूतानसाठी नियम वेगळे आहेत.

ड्यूटी फ्रीची पिशवी

ड्यूटी फ्री दुकानातली वस्तू ज्या देशात विकली गेली तिथला कर वाचवते. भारतात ती प्रवासी सामानच ठरते आणि प्रवाशाच्या माफीच्या मर्यादेत मोजली जाते. हवाई किंवा समुद्रमार्गे येणाऱ्या निवासी भारतीयाला आणि भारतीय वंशाच्या पर्यटकाला ही सर्वसाधारण माफी फेब्रुवारी २०२६ पासून ७५ हजार रुपयांची आहे, आधी ती ५० हजारांची होती. मूळच्या परदेशी पर्यटकासाठी ती १५ वरून २५ हजार झाली. वापरातले कपडे, नेहमीचा फोन यांचा हिशोब यात धरत नाहीत. अठरा वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप वेगळा माफ आहे.

ही माफी माणशी असते आणि दोघांची एकत्र करता येत नाही. नवराबायको मिळून दीड लाखाची माफी झाली, मग त्यात सव्वा लाखाचा फोन बसला, असं गणित चालत नाही. एका वस्तूला एकच मालक. समजा, एकाने एक लाख दहा हजारांचा नवा फोन, बारा हजारांची अत्तरं आणि सहा हजारांचं मद्य आणलं. एकूण एक लाख अठ्ठावीस हजार. त्यातून ७५ हजार वजा जाता ५३ हजार उरले आणि त्यावर ३८.५ टक्क्यांनी २०,४०५ रुपये कर झाला. फोन खोक्यातून काढून खिशात टाकला आणि खोकं विमानतळावर टाकून दिलं तरी तो ‘वापरातला’ होत नाही. दुसरा फोन आधीच खिशात असेल तर अधिकाऱ्याला हे ओळखायला वेळ लागत नाही.

मद्य आणि तंबाखू यांना किमतीशिवाय वेगळी परिमाणाची मर्यादा आहे. माणशी दोन लिटर मद्य, वाइन धरून. शंभर सिगारेटी, म्हणजे पाच पाकिटं. सिगारेटींऐवजी पंचवीस सिगार किंवा सव्वाशे ग्रॅम तंबाखू. यात लोक फसतात ते मुंबईतल्या आगमन कक्षातल्या दुकानात. दुबईत एक लिटरच्या दोन बाटल्या घेऊन झालेल्या असतात, उतरल्यावर समोर ‘दोन घ्या, सूट मिळवा’ची पाटी दिसते आणि आणखी दोन टोपलीत पडतात. हे दुकान भारतातच आहे, म्हणजे तिथली खरेदी हिशोबात येत नसेल असा समज असतो. दोन लिटरची मर्यादा दोन्हीकडच्या बाटल्या मिळून आहे. वरच्या बाटल्यांवरचा कर सामानाच्या दरापेक्षा खूप चढा असतो, बहुतेक वेळा बाटलीच्या मूळ किमतीहूनही जास्त. सिगारेटींचा एक पूर्ण कार्टन दोनशेचा असतो, म्हणजे दुकानात सर्वांत ठळक मांडलेलं पाकीटच मर्यादेच्या दुप्पट. आणि ई-सिगारेट किंवा व्हेप परदेशी ड्यूटी फ्रीमध्ये सहज मिळत असली तरी २०१९च्या कायद्याने भारतात तिच्या आयातीवर पूर्ण बंदी आहे. ती कर भरूनही आणता येत नाही.

अडवलं तर

लाल मार्गिकेत स्वतःहून गेलेल्या माणसाचं काम सहसा असं होतं. अधिकारी दागिने किंवा वस्तू पाहतो, सोनं असेल तर मूल्यांकक वजन आणि कस तपासतो, कर ठरतो, तो भरून पावती घेऊन प्रवासी बाहेर पडतो. वहिनीसारखा मोठा कर ऐकून घाम फुटला तरी एक वाट शिल्लक असते, तिची माहिती फार थोड्यांना आहे. सीमाशुल्क कायद्याच्या ८०व्या कलमाप्रमाणे ज्याने खरी घोषणा केली आहे, तो प्रवासी करपात्र किंवा बंदी असलेली वस्तू आपल्या ताब्यात ठेवून घ्यावी आणि मी देशाबाहेर जाताना परत करावी, अशी विनंती करू शकतो. वर्षभरात पुन्हा परदेशी जाणाऱ्याला किंवा लग्नाला आलेल्या अनिवासी पाहुण्याला हे सोयीचं ठरतं. मात्र ही वाट खरी घोषणा करणाऱ्यासाठीच आहे.

हिरव्या मार्गिकेत पकडलेल्याची गोष्ट वेगळी. तिथे प्रश्न फक्त कराचा राहत नाही. माल जप्तीस पात्र ठरतो. तो सोडवायचा तर कर, त्यावर सुटकेसाठीचा दंड आणि वेगळी शास्ती असं तिहेरी ओझं पडतं आणि सोनं सोडायचं की नाही हाही अधिकाऱ्याच्या निर्णयाचा भाग होतो. मालाची किंमत ५० लाखांच्या पुढे गेली तर अटक आणि फौजदारी खटल्याची शक्यता उभी राहते. दुसऱ्याने ‘एवढं घेऊन जा, बाहेर माझा माणूस घेईल’ म्हणून दिलेलं पाकीट ज्याच्या बॅगेत सापडतं, उत्तर त्यालाच द्यावं लागतं.

अशी वेळ आलीच, तर काही गोष्टी तिथल्या तिथे करून घ्याव्यात. वजन आपल्यासमोर करायला सांगावं. ताबा पावती घ्यावी आणि तिच्यावर प्रत्येक दागिन्याचं वर्णन आणि ग्रॅममधलं वजन लिहिलेलं आहे ना, हे पाहावं. माल जप्त करण्याआधी कारणे दाखवा नोटीस देणं कायद्याने बंधनकारक आहे आणि तिला साधारणपणे सहा महिन्यांची मुदत असते, ती आणखी सहा महिन्यांनी वाढवता येते. ‘मला नोटीस नको, सुनावणीही नको’ असं छापलेल्या कागदावर थकलेल्या प्रवाशाची सही घेण्याची पद्धत दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये बेकायदा ठरवली आहे. तेव्हा वाचल्याशिवाय कशावरही सही करू नये.

दर आणि मर्यादा अर्थसंकल्पागणिक बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावर एकदा नजर टाकावी. पण त्याआधी, सोनेबाजारात पाऊल टाकण्यापूर्वीच, आपल्या पासपोर्टवरच्या तारखा मोजाव्यात. वर्ष पूर्ण झालं असेल तर माफी, सहा महिने झाले असतील तर सवलत, दोन्ही नसेल तर साडेअडतीस टक्के. तिसऱ्या गटातल्यांनी लग्नाचे दागिने लक्ष्मी रोडवर किंवा झवेरी बाजारातच करावेत, ते स्वस्त पडतात. आणि घेऊनच आला असाल, तर लाल मार्गिकेत उभे राहा.